तुम्ही विचारलंत म्हणून: न सरकणारा प्लाझ्मिड

"सर, डोनर टेट्रासायक्लिनला दाद देत नाही, रिसिपियंट चांगला आहे, रात्रभर 37 अंशांवर एकत्र ठेवले, तरी कॉन्जुगेशन का होत नाही?"

कॉन्जुगेशन म्हणजे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात प्लाझ्मिड, म्हणजे क्रोमोसोमहून वेगळा डीएनए, सरकणं. 37 अंशांवर ठेवलेत म्हणूनच होत नसेल. सांडपाण्यातून किंवा टायफॉईडच्या जंतूतून मिळालेल्या प्लाझ्मिडांमध्ये IncHI नावाचा एक गट सापडतो. R27 हा त्यातला नामांकित प्लाझ्मिड. साधारण 180 किलोबेसचा, अंगावर टेट्रासायक्लिनचा रेझिस्टन्स घेऊन फिरणारा. त्याची सरकण्याची जनुकं 22 ते 30 अंशांत नीट चालतात आणि 37 ला जवळपास बंद पडतात. रेझिस्टन्सचं जनुक मात्र 37 लाही चालू असतं. त्यामुळे डोनर प्लेटवर झकास वाढतो आणि तुम्हाला वाटतं, सगळं जागेवर आहे, मग अडतंय कुठे?

"आम्ही रूम टेंपरेचरलाही करून पाहिलं," हे पुढचं वाक्य ठरलेलं. कुठल्या रूमचं? प्रोटोकॉल लिहिणाऱ्याची खोली 25 अंशांची असते. मे महिन्यात भुसावळला पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत दिवे लागल्यावरही पारा 36 च्या खाली येत नाही. म्हणजे तुम्ही तोच प्रयोग पुन्हा केलात, फक्त इन्क्युबेटरबाहेर. यासाठी थंड करणारा बीओडी इन्क्युबेटरच हवा. तो 27 वर लावा आणि आत पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवा, कारण बाहेरचा आकडा हवेचा असतो, तुमच्या प्लेटचा नसतो. रात्री लाइट जाऊन आली तर सकाळी सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून कमाल-किमान तापमान नोंदवणारं थर्मामीटर असेल तर उत्तम.

बाकी रीत साधी आहे. नाल्यातला डोनर गुलाबी, म्हणजे लॅक्टोज खाणारा ई. कोलाय असेल, तर रिसिपियंट लॅक्टोज न खाणारा, रिफॅम्पिसिनला दाद न देणारा घ्या. दोघांना ताज्या ब्रॉथमध्ये ऐन वाढीत आणा. औषधाच्या ब्रॉथमध्ये वाढवले असतील तर पेशी धुऊन घ्या, नाहीतर डोनरबरोबर आलेलं टेट्रासायक्लिन रिसिपियंटलाच रोखतं. नंतर डोनर जोरात हलवू नका, पिलस तुटतात. सारख्या प्रमाणात मिसळून बिनऔषधाच्या अगारवर थेंब ठेवा, 27 अंशांवर रात्रभर. सकाळी तो थर 1 मिलि सलाईनमध्ये उतरवून 100 मायक्रोलिटर मॅकॉन्की प्लेटवर पसरा. त्या प्लेटमध्ये टेट्रासायक्लिन 10 आणि रिफॅम्पिसिन 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलि. दोन्ही औषधं उजेडाने बिघडतात, प्लेटा अंधारात ठेवा. या निवडीच्या प्लेटा मात्र 37 वर चालतील, सरकायचं ते सरकून झालेलं असतं.

समजा मिश्रणात मिलिमागे 20 कोटी डोनर आहेत आणि प्लेटवर 40 बिनरंगी कॉलनी आल्या. म्हणजे मिलिमागे 400, अर्थात 5 लाख डोनरमागे एक. ही बारीक गोष्ट नाही, पण दोनच कॉलनी आल्या तर पेढे वाटू नका. प्लेटवर 2 कोटी डोनर पडले आहेत आणि रिफॅम्पिसिनला आपसूक दाद न देणारी पेशी साधारण 10 कोटींत एक निघते. तशी एखादी कॉलनी फुकटात येते. ती गुलाबी असते, म्हणून तर मॅकॉन्की. नुसता डोनर आणि नुसता रिसिपियंट त्याच औषधांच्या प्लेटवर टाकला नसेल, तर मला फोटो पाठवू नका.

ट्रान्सकॉन्जुगंट, म्हणजे प्लाझ्मिड मिळालेले रिसिपियंट, आले की मग मौखिक परीक्षेत विचारतात, हे ट्रान्सफॉर्मेशन किंवा ट्रान्सडक्शन कशावरून नाही? मेटिंगच्या दुसऱ्या थेंबात डीएनेज घाला, सोबत मॅग्नेशियम, कारण त्याशिवाय ते एंझाइम काम करत नाही. कॉलनी तितक्याच आल्या तर सुटा डीएनए आत शिरलेला नाही. पण त्याच थेंबातलं डीएनेज शुद्ध प्लाझ्मिडचे खरोखर तुकडे करतं, हे जेलवर दाखवा, नाहीतर हा पुरावा पोकळ. ई. कोलाय तसाही आपणहून डीएनए उचलायला फारसा तयार नसतो, त्यासाठी थंड कॅल्शियम क्लोराइड आणि 42 अंशांचा झटका लागतो. ट्रान्सडक्शन, म्हणजे फाज या विषाणूने डीएनए वाहून नेणं, तपासायला डोनरचं कल्चर 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ते पाणी रिसिपियंटला द्या. फाज आरपार जातो, पेशी जात नाही. शिवाय P1 फाजच्या डोक्यात जेमतेम 100 किलोबेस मावतात, 180 चा अख्खा प्लाझ्मिड कुठून मावणार?

पूर्वी मी इथेच थांबायचो: डीएनेज, गाळणी, संपलं. आता जरा सांभाळून बोलतो. बॅक्टेरिया पडद्याचे बारीक फुगे सोडतात, त्यांतला डीएनए डीएनेजला सापडत नाही आणि ते गाळणीतूनही निसटतात. गाळलेल्या पाण्यातून कॉलनी आल्या, तर फाज की फुगा, हे या प्रयोगावरून सांगता येणार नाही. प्लाक दिसले तर फाज आहे एवढंच कळेल, काम त्यानेच केलं असं नाही.

आणि 27 वरही काहीच आलं नाही, तर जनुक क्रोमोसोमवर असेल, किंवा प्लाझ्मिडला सरकण्याची स्वतःची यंत्रणाच नसेल. रिपोर्टमध्ये "प्लाझ्मिड नाही" असं लिहू नका. तापमान, तास आणि रिसिपियंट कोणता, हे लिहून "या परिस्थितीत ट्रान्सफर आढळला नाही" एवढंच लिहा.