बारा खाने, अकरा पाट्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलन किंवा खेळाचा तास आठवायला हवा होता. मला आठवला तो चार पानं चिकटवून केलेला एक तक्ता. त्याच्या शेवटच्या खान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथून फक्त एक बाण निघून पार पहिल्या ओळीपर्यंत उलटा गेला होता. त्या बाणाची ही गोष्ट.

नववीत बाईंनी 'मिथककथा' हा घटक घेतला. जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने 1949 साली मांडलं, की जगभरच्या वीरकथांचा सांगाडा एकच असतो: नायक घर सोडतो, परक्या जगात कसोट्यांना उतरतो आणि काहीतरी कमावून परत येतो. त्याने या प्रवासाचे सतरा टप्पे पाडले होते. पुढे हॉलिवूडमधल्या ख्रिस्तोफर व्होगलरने पटकथाकारांसाठी त्यांचे बारा केले. शाळांमधून बहुधा हे बाराच शिकवतात आणि आम्हीही तेच घेतले. नेहमीचं जग, हाक, नकार, गुरूची भेट, उंबरठा ओलांडणं, मित्र-शत्रू आणि कसोट्या, गुहेच्या तोंडाशी, अग्निदिव्य, बक्षीस, परतीची वाट, पुनर्जन्म आणि शेवटी अमृत घेऊन घरी येणं. आडवे बारा खाने आखायचे आणि एका प्राचीन महाकाव्यातले प्रसंग त्यांत बसवायचे, हा आमचा प्रकल्प होता.

वर्गाने एकमुखाने रामायण मागितलं. बाई म्हणाल्या, "रामायण तुम्हाला पाठ आहे, म्हणजे तुम्ही ते वाचणार नाही. उंबरठ्याच्या खान्यात लक्ष्मणरेषा लिहाल आणि मी वाल्मीकींचा श्लोक मागितला की माझ्याकडे बघत बसाल." त्या वेळी हे टोचलं होतं. वाल्मीकि रामायणात लक्ष्मणरेषा नाही, हे मी पुढे कॉलेजात स्वतः पडताळून पाहिलं आणि मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला.

त्यांनी आम्हाला दिलं गिल्गमेशचं महाकाव्य. उरुकचा राजा गिल्गमेश आणि त्याचा रानात वाढलेला सखा एन्किडू यांची ही मेसोपोटेमियातली कथा. तिचा सर्वांत भरभक्कम मजकूर निनवे इथल्या असुरबनिपालच्या ग्रंथालयात मातीच्या पाट्यांवर सापडला. ही प्रमाण आवृत्ती सिन-लेकी-उन्निन्नी नावाच्या विद्वानाच्या नावावर आहे. ती अकरा पाट्यांची, आणि बारावी मागून जोडलेली. इंग्रजी भाषांतराच्या छायाप्रती वाटून बाईंनी एकच नियम घातला. खान्यात प्रसंग लिहिला की खाली पाटीचा क्रमांक लिहायचा. क्रमांक नसेल तर खाना रिकामा धरला जाईल.

आम्ही चौघी कामाला लागलो आणि आश्चर्य म्हणजे सगळं भराभर बसत गेलं. उरुकचा माजलेला राजा हे नेहमीचं जग, पाटी पहिली. देवदारांच्या अरण्याचा राखणदार हुंबाबा याला मारायला जायचं ठरतं ती हाक, पाटी दुसरी. आई निन्सुन ही देवी. ती सूर्यदेव शमाशला मुलासाठी साकडं घालते, म्हणजे गुरूची भेट, पाटी तिसरी. वाटेत एकापाठोपाठ एक पाच भयंकर स्वप्नं पडतात, पाटी चौथी. हुंबाबाचा वध हे अग्निदिव्य, तोडलेले देवदार हे बक्षीस आणि तराफ्यावरून नदीने घरी येणं ही परतीची वाट, पाटी पाचवी. पुनर्जन्माचा खाना आम्ही जरा ओढूनताणून भरला, पण भरला. अमृताच्या जागी देवदाराच्या लाकडाचा भव्य दरवाजा लिहिला आणि उड्या मारत बाईंकडे गेलो.

बाईंनी तक्ता पाहिला, छायाप्रतींचा गठ्ठा हातात घेतला आणि पाचव्या पाटीनंतरची पानं बोटांनी फडफडवली. "बारा खाने पाचव्या पाटीवर संपले. उरलेल्या सहा पाट्यांत काय, जाहिराती आहेत?"

खरं काव्य तिथूनच पुढे सुरू होतं. सहाव्या पाटीत इश्तार देवी गिल्गमेशला लग्नाची मागणी घालते आणि तो तिच्या आधीच्या प्रियकरांची काय गत झाली याची यादीच वाचून दाखवतो. चिडून ती स्वर्गातला बैल सोडते आणि दोघे मित्र तो मारतात. सातव्या पाटीत देव एन्किडूला मरणाची शिक्षा देतात. तो रणात पडत नाही, अंथरुणाला खिळून बारा दिवसांनी मरतो. आठवी पाटी सगळी विलापाची. नवव्या पाटीपासून गिल्गमेश रानोमाळ भटकतो, कारण त्याला आता एकच प्रश्न खातो आहे: मीही असाच मरणार का?

बाईंनी आम्हाला दुसरा रंग घ्यायला सांगितलं. लाल पेन्सिलीने पहिली सफर होती, निळ्याने दुसरी काढायची. आता हाक कोणती? एन्किडूचं मरण, पाटी सातवी. पण मग नकार कुठे? लाल सफरीतला नकार आम्ही घाईत गिल्गमेशच्या नावावर टाकला होता. नीट वाचल्यावर दिसलं की त्या सफरीची हाक त्याची त्यानेच दिली होती. घाबरले होते ते एन्किडू आणि नगरातले वृद्ध. निळ्या सफरीत तर नकाराला जागाच नव्हती. तो नाही म्हणतो ते मरणाला, प्रवासाला नाही. कितीतरी वेळ वाद घालून आम्ही तो निळा खाना रिकामा ठेवला. रिकामा खाना ही चूक नसून नोंद असते, हे तेव्हा कुठे उमगायला लागलं होतं.

उंबरठा मात्र इतका चपखल बसला की विचारू नका. माशु पर्वताच्या दाराशी विंचू-मानवांचा पहारा असतो आणि आतल्या सूर्याच्या वाटेवर बारा दुहेरी तासांचा मिट्ट काळोख, पाटी नववी. त्यापुढे समुद्रकाठी सिदुरी भेटते. ती मद्य गाळून विकणारी. या मळक्या, भेसूर माणसाला पाहून ती आधी दाराला अडसर घालते. माझ्या मैत्रिणीने गुरूच्या खान्यात ठसठशीत अक्षरांत सिदुरी लिहिलं, कारण पोट भर, आनंदात राहा, तुझं बोट धरणाऱ्या लेकराकडे बघ, हा तिचा उपदेश आम्हा सगळ्यांना आवडला होता.

"पाटी?" बाई.

"दहावी."

"दहावीत दाखव."

दहाव्या पाटीत तो नव्हताच. तो उपदेश कैक शतकं जुन्या बॅबिलोनी आवृत्तीतल्या एका पाटीवरचा. तुटक्या मजकुराच्या आधारासाठी भाषांतरात तो शेजारी छापला होता आणि आम्ही दोन्ही एकत्र वाचून मोकळ्या झालो होतो. प्रमाण आवृत्तीतली सिदुरी उपदेश करत नाही, ती पुढची वाट आणि नावाडी उर्शनबीचा पत्ता सांगते. बाराव्या पाटीनेही असाच चकवा दिला. एका गटाने पाताळात उतरण्याचा प्रसंग तिथून उचलला. पण त्या पाटीत एन्किडू चक्क जिवंत आहे, आणि आमच्या तक्त्यात तो सातव्या पाटीला मेला होता. ती मुळात एका जुन्या सुमेरी कवितेचं भाषांतर. म्हणून आम्ही अकरावर थांबायचं ठरवलं.

आता अग्निदिव्य. मृत्यूच्या पाण्यापलीकडे उत्नपिश्तिम राहतो. महापुरातून वाचलेला आणि बायकोसह देवांनी अमर केलेला हा माणूस गिल्गमेशला म्हणतो, आधी सहा दिवस आणि सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसतो आणि बसल्या बसल्या झोपतो! उत्नपिश्तिमची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवते आणि भिंतीवर खूण करते. जागा झाल्यावर तो म्हणतो, आत्ता कुठे डोळा लागत होता. तेव्हा त्याला भाकरी मोजायला सांगतात. पहिली वाळून कडक झालेली, मधल्या शिळ्या आणि बुरसटलेल्या, सातवी अजून निखाऱ्यावर.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती आमच्या गटात मला एकटीलाच दिसली, हे पन्नाशीच्या या अंकात एकदा सांगून टाकते. एन्किडू गेला तेव्हा गिल्गमेश त्याच्या देहाशी सहा दिवस आणि सात रात्री रडत बसला होता, नाकातून किडा गळेपर्यंत त्याने त्याला पुरू दिलं नव्हतं. हे तो स्वतःच दहाव्या पाटीत सांगतो. अकराव्या पाटीतली मुदत तंतोतंत तीच! मित्रासाठी जे जमलं ते स्वतःच्या अमरत्वासाठी जमलं नाही. बारा खान्यांत याला कुठेच जागा नव्हती, म्हणून मी ते समासात लिहिलं. बाईंनी त्याला तारा दिला.

नायक अग्निदिव्यात नापास झाला, तर मग बक्षीस कसलं? त्याच बायकोच्या शब्दाखातर उत्नपिश्तिम जाताना त्याला एक गुपित सांगतो. पायाला दगड बांधून गिल्गमेश पाण्याच्या तळाशी जातो आणि म्हाताऱ्याला तरुण करणारी काटेरी वनस्पती वर आणतो. ती उरुकला नेऊन आधी एखाद्या वृद्धाला खाऊ घालून बघायचं तो ठरवतो. वाटेत गार पाण्याच्या डबक्यात तो अंघोळीला उतरतो, तेवढ्यात वासावर आलेला साप वनस्पती पळवतो आणि जाता जाता कात टाकतो. कॅम्पबेलही आपल्या मांडणीत वरदानाच्या टप्प्यावर हीच वनस्पती घेतो. बाराव्या खान्यात मात्र ती लिहिता येईना, कारण ती घरी पोचलीच नव्हती.

मग सगळ्या गटांनी जे केलं तेच आम्ही केलं. बाराव्या खान्यात लिहिलं: शहाणपण.

"कोणत्या पाटीत?"

अकरावीत नाही. तिथे गिल्गमेश बसून रडतो, नावाड्याला घेऊन उरुकला येतो आणि त्याला म्हणतो, तटावर चढ, पाया बघ, विटा बघ. काव्य तिथेच थांबतं. शहाणा झालो असं तो कुठेही म्हणत नाही. आम्ही 'शहाणपण' खोडलं. तटाचं हे वर्णन आधी कुठेतरी वाचलंय, असं आमच्यातल्या सर्वांत गप्प मुलीला वाटलं आणि तिने पानं उलटी चाळली. तेच शब्द पहिल्या पाटीच्या सुरुवातीला होते आणि त्यांच्या जरा वर होतं, की ज्याने तळ पाहिला, ज्याने महापुराआधीची वार्ता आणली, तो लांबच्या वाटेने थकून आला, शांत झाला आणि आपले सारे कष्ट त्याने शिळेवर कोरून ठेवले.

अमृत होतं, पण ते पहिल्या पाटीत. बाईंनी मग सांगितलं, की जुनी बॅबिलोनी आवृत्ती 'सर्व राजांहून श्रेष्ठ' अशा स्तुतीने सुरू होत असे. ही सुरुवातीची अठ्ठावीस ओळींची प्रस्तावना प्रमाण आवृत्तीत नंतर पुढे जोडलेली आहे. कोणीतरी जाणत्याने शेवटच्या खान्यातलं काढून वाचकासमोर आधीच ठेवलं होतं.

आम्ही बारावा खाना रिकामाच ठेवला. निळ्या पेन्सिलीने तिथून एक बाण काढला आणि चारही पानं ओलांडून तो पहिल्या पाटीच्या पहिल्या ओळीपाशी नेला. बाण इतका लांब झाला की वाटेत दोनदा टोक करावं लागलं.