गावाकडची आजी राहिली, ती अशी

"संपादकांनी एवढे मोठे बदल सुचवले, तुम्ही सरळ नाही म्हणालात. तरी पुस्तक त्यांनीच कसं काढलं?"

माझी कादंबरी बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाची. दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको, मुकादमाच्या हिशेबात एक कोयता, आगाऊ पैशांची उचल घेऊन कारखान्याच्या गाडीत बसतात. गावात आजी आणि दोन लेकरं उरतात. संपादकांचं म्हणणं, गावाकडचा भाग काढून टाका, सगळी गोष्ट उसाच्या फडावर ठेवा आणि आईच्या तोंडून सांगा. त्यांचं कारणही पटण्यासारखं होतं : फडावर घडतं काहीतरी, गावात नुसती वाट पाहणं चालतं.

पण मला लिहायचं होतं ते त्या वाट पाहण्याबद्दलच. आईच्या तोंडून सांगितलं, तर लेकरू तापानं फणफणलेलं असताना आजीनं काय केलं हे आईला फोनवर कळेल तेवढंच वाचकाला कळणार. म्हणून हा बदल मी नाकारला.

लगेच उत्तर दिलं नाही मात्र. आधी प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ लिहून काढली : जागा कुठली, कुणाच्या नजरेतून, शेवटी काय बदललं. तेव्हा दिसलं की मध्यावर गावाकडची चार प्रकरणं सलग आली होती आणि त्यातल्या दोनांत शेवटी काहीच बदलत नव्हतं. संपादक कंटाळले होते ते नेमके तिथंच. त्यांना दुखणं बरोबर सापडलं होतं, औषध तेवढं मला मान्य नव्हतं.

पत्रात नकार पहिल्याच परिच्छेदात लिहिला, नंतर घोळ नको म्हणून : "आजीचा भाग आणि तिची नजर राहील, त्याशिवाय ही कादंबरी मी देऊ शकत नाही." त्याखाली काय करायला तयार आहे ते. ती दोन प्रकरणं काढते, उरलेली फडावरच्या प्रकरणांच्या मधे-मधे विणते. उचलीचा हिशेब तीनदा येतो, तो एकदाच ठेवते, मुकादम वहीवर अंगठा घेतो त्या प्रसंगात. निवेदनातली बोली कमी करते, पण आजी "कामून रडायलास रं?" असंच विचारेल.

कॉपीराइट कायद्याचं 57 वं कलम लेखकाला कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क देतं, हे मला एका वकील मैत्रिणीनं ऐकवलं होतं. ते पत्रात घातलं नाही. छापण्याआधीच्या बोलणीत कलमं काढली की माणसं सावध होतात आणि हस्तलिखित कपाटात जातं. शिवाय कुणी माझ्या मजकुराला हात लावलेला नव्हता, सूचना केली होती फक्त.

त्यांचं उत्तर आलं : आधी नवा क्रम लावून दाखवा, मग ठरवू. मी लावून पाठवला. त्यावर त्यांनी आजीच्या आणखी एका प्रकरणाची निम्मी पानं कापायला सांगितली. ती मी कापली.