आमची वाटचाल: तीस अक्षरांच्या चिठ्ठ्या

पुण्यात पाण्याच्या टाक्या धुऊन देण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे आणि निम्म्याहून अधिक कामे गूगलवरच्या जाहिरातीतून येतात. पूर्वी हेडलाइन आम्ही ठरवलेल्या क्रमानेच दिसत. परंतु 30 जून 2022 नंतर तशी नवी जाहिरात करता येईना आणि रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरात स्वीकारावी लागली. तीत पंधरापर्यंत हेडलाइन द्यायच्या, त्यांतल्या जास्तीत जास्त तीन गूगल आपल्या मर्जीने निवडून कोणत्याही क्रमाने दाखवते.

मी आधीची वाक्येच तोडून भरली. ‘पाण्याला वास येतोय?’ आणि ‘मग आजच बोलवा’ ही जोडी उलटी दिसली की अर्थच उरत नसे. त्याहून मोठी चूक दराची झाली. ‘₹900 पासून’ ही हेडलाइन ‘सोसायटीच्या टाक्या’ हिच्या शेजारी दिसली आणि एका सोसायटीच्या सचिवांनी जमिनीखालच्या मोठ्या टाकीसाठी तोच दर मागितला. त्यांचे म्हणणे बरोबर होते; जाहिरात तेच सांगत होती.

तेव्हापासून दर आणि त्याची अट एकाच हेडलाइनमध्ये ठेवतो: ‘1,000 लिटरला ₹900, सर्व धरून’. ही 28 अक्षरे होतात, मर्यादा 30 ची आहे. मराठीत ही मर्यादा फार लवकर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जाते. ‘पाण्याची’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द तिथे आठ जागा घेतो. म्हणून मी ‘स्वच्छता’ सोडून ‘सफाई’ घेतला, आठाऐवजी चार जागांत काम झाले आणि बोलण्यातलाही तोच शब्द आहे.

क्रमाची परीक्षा आम्ही एकेक हेडलाइन एकेका चिठ्ठीवर लिहून घेतो. नऊ हेडलाइनमधून तीन-तीन उचलल्या तर 504 क्रम होतात, ते कोणी वाचणार नाही. पण बिघाड बहुधा शेजारच्या दोघींतच असतो आणि अशा जोड्या 72 च होतात. पत्नी एकेक जोडी मोठ्याने वाचते. ‘टाकी’ दोनदा आला, ‘मग’ किंवा ‘त्यामुळे’ने सुरुवात झाली, अथवा दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली, तर एक चिठ्ठी बाजूला निघते. अशा चाळणीतून ‘टाकी सफाई, पुणे’, ‘गाळ उपसून धुऊन देतो’, ‘दर आधी सांगतो, नंतर काम’ या टिकल्या, कारण प्रत्येक एकटीही पुरी आहे.

‘टाकी सफाई, पुणे’ आणि तिचीच दुसरी मांडणी या दोन्ही मी पहिल्या जागेला पिन केल्या आहेत, म्हणजे त्या त्याच जागी दिसाव्यात असे ठरवून दिले आहे. त्या आलटून पालटून येतात. तिसरी जागा दरवेळी दिसतेच असे नाही, म्हणून अत्यावश्यक मजकूर तिथे कधीच पिन करत नाही. पिन केल्याने गूगल आपल्या मोजणीत जाहिरातीची ‘ताकद’ खालच्या श्रेणीत दाखवते. ते मी मान्य केले आहे, कारण पहिल्या ओळीत सेवेचे नाव नसेल तर वाचणाऱ्याला आम्ही कोण हेच कळत नाही. दर महिन्याला कॉम्बिनेशन्सच्या अहवालात प्रत्यक्ष दिसलेल्या जोड्या पाहतो आणि खटकणारी आढळली की तिच्यातली एक चिठ्ठी पुन्हा लिहितो.