जनसेटच्या कॉन्टॅक्टरची खडखड अखेर सापडली

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं होतं की मेन्सकडून जनसेटवर जाताना पॅनल नुसतं खडखडतं आणि घर अंधारातच राहतं. तीन रविवार त्यात गेले. आज दुपारी दोष सापडला आणि सलग बारा वेळा बदली करून पाहिली, बाराही वेळा एकाच ठोक्यात झाली. तो 'ठक्' आवाज ऐकून जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

रचना तुम्हाला माहीत आहेच. सिंगल फेज, दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉईलला वीज मिळाली की खेचले जाणारे मोठे स्विच, मध्ये दोघांना एकदम आत जाऊ न देणारा मेकॅनिकल इंटरलॉक, आणि प्रत्येकाच्या कॉईलच्या वाटेत दुसऱ्याचा एनसी ऑक्झिलरी, म्हणजे तो दुसरा सुटलेला असतानाच जुळलेला राहणारा छोटा कॉन्टॅक्ट. लाईट गेली की व्होल्टेज रिले सोडतो, सेट सुरू होतो, दहा सेकंदांनी टाइमर जनसेटच्या कॉन्टॅक्टरला हुकूम देतो. हुकूम जात होता, कारण टाइमरचा दिवा लागत होता. कॉन्टॅक्टर खेचायचा, लगेच सोडायचा, पुन्हा खेचायचा. दोन मिनिटांत कॉईलला हात लावता येत नसे. त्यात नवल नाही, खेचताना कॉईल धरून ठेवण्याच्या करंटच्या आठ-दहा पट करंट घेते, आणि इथे ती सतत खेचतच होती.

पहिले दोन रविवार मी सेटच्या व्होल्टेजमागे घालवले. कॉईलच्या ए१-ए२ टोकांवर मीटर लावला तर आकडे ९० ते १९० यांत कुठेही नाचायचे. एसी कॉन्टॅक्टरला खेचायला रेटेड व्होल्टेजच्या ८५ टक्के तरी लागतात, म्हणजे २३० च्या कॉईलला साधारण १९५. मीटर तेवढे दाखवतच नव्हता, तेव्हा सेट पडतोय असं ठरवून टाकलं. गव्हर्नरचा स्क्रू फिरवून वेग वाढवला, फ्रीक्वेन्सी ५४ वर गेली, खडखड होती तशीच. चूक इथे होती: डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदा वाचतो आणि कॉईलचा पुरवठा त्याहून कितीतरी वेगाने तुटत-जुळत होता. मला दिसत होती ती चालू-बंदची सरासरी. व्होल्टेज कमी नव्हतं, अधूनमधून नव्हतंच. त्याच वेळी सेटच्या टर्मिनलवर दुसरा मीटर लावला असता तर तिथे २२८ स्थिर दिसले असते आणि दोन रविवार वाचले असते. स्क्रू परत जागेवर आणला आहे.

मग कॉन्टॅक्टची खात्री करायची म्हणून पॅनल बंद करून मेन्स कॉन्टॅक्टरचा एनसी, म्हणजे २१-२२, ओहमवर तपासला. जवळजवळ शून्य. पण ओहमवर मीटर अगदी थोडा करंट सोडतो, त्यावरून कॉन्टॅक्ट भार पेलतो की नाही ते कळत नाही. म्हणून आज कॉईलच्या दोन्ही वायरी ए१-ए२ वरून काढल्या आणि त्यांवर होल्डरसकट ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडला. हा बल्ब साधारण पाव अँपिअर घेतो, म्हणजे माझ्या कॉन्टॅक्टरची कॉईल खेचताना घेते त्याच्या जवळपास. शिवाय तो खडखडत नाही, त्यामुळे मीटर स्थिर वाचतो. एलईडी बल्ब यासाठी चालणार नाही. मेन्सचा एमसीबी खाली, लोडचा एमसीबी खाली, सेट चालू. बल्ब लख्ख पेटला. बल्बवर २२६, २१-२२ च्या दोन टोकांत एक व्होल्टही नाही.

म्हणजे सेट, टाइमर, वायरिंग, एनसी सगळं ठीक, आणि तरीही कॉईल लावली की खडखड. बल्ब आणि कॉईल यांत फरक एकच उरला, बल्ब काही हलवत नाही. हे डोक्यात आलं तेव्हा सुकी लाकडी पट्टी घेतली आणि जनसेटच्या कॉन्टॅक्टरचा पुढचा सरकता भाग हळूहळू आत दाबला. शेवटच्या दोन मिलिमीटरला बल्ब विझला. सोडला, पेटला. दाबला, विझला. मी पाच-सहा वेळा तेच केलं.

पुढचं उलगडायला दहा मिनिटं लागली. मेन्स कॉन्टॅक्टरवर वरून लावलेला ऑक्झिलरी ब्लॉक एका बाजूच्या हुकावरच बसला होता, दुसऱ्या बाजूला नखभर फट होती. त्यात रेलवर एंड क्लॅम्प नव्हते, त्यामुळे दोन्ही कॉन्टॅक्टर किंचित फाकले होते आणि मधला इंटरलॉक तिरका झाला होता. जनसेटचा कॉन्टॅक्टर आत जाताना त्या इंटरलॉकमधून शेजाऱ्याला ढोसायचा, सैल ब्लॉक हलायचा, एनसी उघडायचा आणि स्वतःचीच कॉईल तुटायची. सुटला की एनसी पुन्हा जुळायचा. जुन्या विजेच्या घंटीचं सर्किटच झालं होतं ते. उलट दिशेला, मेन्सवर परतताना, कधी त्रास झाला नाही, कारण जनसेटच्या कॉन्टॅक्टरचा एनसी अंगचाच आहे, वरून लावलेला नाही.

एक भेद लक्षात ठेवा. इंटरलॉक अडकून कॉन्टॅक्टर अर्ध्यावर राहिला तर खडखड होत नाही, एकसुरी जोरदार गुरगुर होते आणि कॉईल जळते. तुटक ठोके ऐकू आले तर कॉईलचा पुरवठा तुटतोय असं धरून शोधा.

आणि २१-२२ ला तार टाकून एनसी 'बायपास' करून बघायचा मोह मलाही झाला होता. ते कधीही करू नका. सेटची वीज उलटी लाईनवर गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल.

ब्लॉक काढून टक् आवाज येईपर्यंत बसवला, कॉन्टॅक्टर जुळवले, दोन्ही बाजूंना एंड क्लॅम्प लावले. हे क्लॅम्प पॅनलचं सामान देणारे कधी आपणहून देत नाहीत, मागून घ्या. खडखडीने मुख्य कॉन्टॅक्टवर काळे डाग आलेत, पण खड्डे नाहीत, ते चालतील.

हे लिहीत असतानाच संध्याकाळ झाली आणि परतीच्या बाजूला नवीन प्रकार दिसला. मेन्स २०० ला आली, रिलेने होकार दिला, घर मेन्सवर गेलं, दीड एचपीचा पंप लागला, व्होल्टेज १७८ वर बसलं आणि रिलेने पुन्हा सेटकडे ढकललं. भार उतरला की मेन्स परत २००. पाच मिनिटांत तीन फेऱ्या झाल्या. इथे कॉन्टॅक्टर निर्दोष आहेत, सेटिंग माझं चुकलं: सोडायचं १८० आणि परत घ्यायचं १८५. भार पडल्यावर लाईन २० व्होल्ट झुकत असेल तर पाच व्होल्टांच्या फरकाने काय होणार? आता सोडायचं १७५, परत घ्यायचं २०५, सोडण्याआधी चार सेकंद थांबा आणि परतीला तीन मिनिटं, असं ठेवलंय. सोडायचं १७५ च्या खाली नेणार नाही, कारण त्याच्या खाली कॉन्टॅक्टर स्वतःच हात सोडू शकतो. आता भीती एवढीच की एखाद्या संध्याकाळी लाईन २०५ ला पोचणारच नाही आणि डिझेल जळत राहील.

म्हणून बेत बदलतोय. पुढच्या रविवारी न्यूट्रलच्या पोलचं काम करणार होतो, ते मागे ठेवतो. आधी पंपासाठी वेगळा छोटा कॉन्टॅक्टर टाकून तो बदलीनंतर ३० सेकंदांनी घ्यायचा, म्हणजे घराला आधी जमिनीवर पाय टेकू दे. जमलं तर परतीचं सेटिंग २०५ वरून थोडं खाली आणता येईल. त्या टाइमरला जागा काढायला रेल डावीकडे १८ मिलिमीटर वाढवावी लागेल, बॉक्सचं माप आत्ताच घेऊन ठेवलंय.