दिवेघाटातला फोड

आज दहावीच्या वर्गात माझीच गोष्ट वाचून दाखवली. सतरा वर्षांचा मुलगा, आजोबा थकले म्हणून त्यांच्या जागी आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर निघालेला. पुण्यातले दोन मुक्काम मजेत जातात. मग सासवडचा टप्पा, वाटेतला सगळ्यात लांब, वर दिवेघाटाचा चढ. तिथे टाचेला फोड येतो. दिंडीतली मावशी सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढते. पाणी निथळतं, कातडी शाबूत राहते. तो विचारतो, "मावशी, तिकडे कुणी नसलंच तर?" ती दाताने दोरा तोडते. "अजून ठणकतंय का?"

पहिल्या खर्ड्यात पंढरपूरचा कळस दिसताच त्याची शंका फिटली होती. खोटं वाटलं, कापून टाकलं. आता गोष्ट सासवडलाच थांबते.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग तो घरी का नाही आला? सासवडहून पुण्याला बस आहे की!"

निरुत्तर झालो. (बस मीच विसरलो होतो, हडपसरला राहून!) आज रात्री त्याला स्टँडवर नेऊन बसवतो. खिशात तिकिटापुरते पैसे, गळ्यात आजोबांचे टाळ. बघू, चढतो का.