मधल्या वर्षी उतरलेला निकाल

शाळा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मी मुख्याध्यापकांना शिकवतो. वर्गात चर्चेला घेण्यासाठी निकाल सुधारलेल्या एका शाळेची केस स्टडी लिहायची होती, म्हणून बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शाळा निवडली. तिसरी ते पाचवीतली किती मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतात, याची मार्चमधली टक्केवारी माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी ७३, दुसऱ्या वर्षी ६९, तिसऱ्या वर्षी ८३. मधली घसरण ही एखाद्या शिक्षकाच्या बदलीमुळे आली असेल, असं धरून मी गेलो होतो.

शाळेत पहिली ते पाचवीची सत्तरच्या आसपास मुलं आहेत. एवढ्या पटाला तीन शिक्षक मंजूर असतात, इथे प्रत्यक्षात दोन. मुख्याध्यापकाचं पद दीडशेच्या वर पट असल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे ज्येष्ठ शिक्षकांकडेच पदभार आहे. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

घसरणीबद्दल विचारल्यावर गुरुजींनी कपाटातून दोनशे पानी वही काढली. "सर, तुमच्या टक्केवारीत पट कुठंय?" असं म्हणत त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. पहिल्या वर्षी या तीन वर्गांचा पट ४१ होता. मार्चच्या चाचणीला २६ मुलं हजर होती आणि त्यातली १९ गोष्ट वाचत होती. हेच ते ७३ टक्के. उरलेली १५ आईबापांबरोबर ऊसतोडीला, कारखान्याच्या फडावर. ती परत आल्यावर गुरुजींनी एकेकाला बसवून वाचून घेतलं, तर तिघंच वाचत होती. म्हणजे ४१ पैकी २२, जेमतेम ५४ टक्के. अनुपस्थित लेकरं हिशोबातच नव्हती, म्हणून निकाल चांगला दिसत होता.

दुसऱ्या वर्षी पट तेवढाच होता, पण मार्चमध्ये ३९ मुलं शाळेत होती आणि २७ वाचत होती. कागदावर निकाल ६९ वर उतरला. पटाशी लावून पाहिलं तर तो ५४ वरून ६६ वर चढला होता. परिसरातल्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत मात्र गुरुजींना घसरणीचा खुलासा द्यावा लागला.

मुलं थांबली ती ऊसतोडीच्या महिन्यांत त्यांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहामुळे. योजना आधीपासून होतीच, गुरुजींनी वेळ बदलली. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की कोयता, म्हणजे तोडणारं जोडपं, हंगामासाठी बांधलं जातं, आणि बिऱ्हाड हलायच्या आधी घरात ठरतं की लेकरू न्यायचं की ठेवायचं. दिवाळीनंतर समजूत घालायला जाण्यात अर्थ नसतो. म्हणून त्यांनी पालकसभा दसऱ्याच्या आधी घेतली आणि आयांपेक्षा आज्यांना आग्रहाने बोलावलं, कारण लेकरू रात्री झोपणार होतं आजीकडे. जेवण शाळेत, दोन्ही वेळचं. अनुदान उशिरा आलं. तोवरचा किराणा उधारीवर चालला आणि त्या उधारीला शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जामीन राहिले. आमच्या वर्गात 'लोकसहभाग' हा शब्द फार सहज येतो. इथे तो एका माणसाच्या नावावर लिहिलेली उधारी होता.

दुसरा निर्णय मला जास्त अवघड वाटतो. रोज दीड तास इयत्ता बाजूला ठेवून दोनच गट: अक्षर-शब्दांवर अडलेले आणि त्यापुढचे. ज्येष्ठ शिक्षकाने शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घ्यायची, ही गावाची जुनी अपेक्षा. गुरुजींनी अडलेला गट स्वतःकडे घेतला आणि शिष्यवृत्तीचे जादा तास बंद केले. पाचवीतला एक मुलगा पहिलीच्या पोरांत बसायला लाजून काही दिवस आलाच नाही. तेव्हा शब्दपट्ट्या वाटायचं आणि तपासायचं काम त्याच्याकडे दिलं गेलं. एका पालकाने आपली हुशार मुलगी काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. ही किंमत केस स्टडीत लिहायलाच हवी. निर्णयाने कोणाचं तरी नुकसान झालं, हे वगळलं तर नेतृत्व शिकवताच येणार नाही.

दुपारी मी स्वतः काही मुलांकडून वाचून घेतलं. चौथीतली एक मुलगी जोडाक्षरापाशी थांबली, बोट तिथेच ठेवून मनात जुळवलं आणि मग अख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पाठांतर असतं तर ती तिथे थांबली नसती. आजी दारात उभी होती. "औंदा बी हितंच ऱ्हाईली, मी हाय की," म्हणाली.

दुसऱ्या वर्षी जी दोन मुलं गेली, त्या दोन्ही मुली होत्या. दोघींच्या घरी तान्हं बाळ होतं. आई उसात वाकलेली असताना पाचटावरचं बाळ सांभाळायला कोणीतरी लागतं, आणि त्यावर शाळेकडे उत्तर नाही. तिसऱ्या वर्षीही पट ४३ असताना ४१ मुलं थांबली, ३४ वाचत होती, आणि गेलेल्या दोघी पुन्हा मुलीच.

गुरुजी या वर्षी बदलीपात्र आहेत. नवीन येणाऱ्याला वही मिळेल; दसऱ्याआधी दारोदार फिरणं आणि उधारीला जामीन मिळवणं त्याला स्वतःच उभं करावं लागेल. केस स्टडीत मी टक्केवारीशेजारी पटाचा रकाना घातला आहे. चर्चेसाठी प्रश्न एकच ठेवला: केंद्राच्या बैठकीत ६९ चा खुलासा मागितला जाणार हे माहीत असताना, तुम्ही ती १३ जास्तीची मुलं चाचणीला बसवली असती का?