मेनू दिसतो, सिनेमा लावला की पडदा काळा

"स्प्लिटर लावल्यावर मेनू टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्हीवर नीट दिसतो, पण सिनेमा सुरू केला की दोन्हीकडे काळं. कॅप्चर कार्डावर तर तेवढंही नाही. केबल बदलू का?"

तूर्त नको. मेनू स्वच्छ दिसतो आणि ठरावीक मजकूर लागताच चित्र जातं, तेव्हा पहिला संशय एचडीसीपीवर घ्यावा. केबलवर संशय घ्यायचा तो सिनेमा सुरू होताना रिझोल्यूशन किंवा एचडीआर बदलत असेल तर. कारण तेव्हा केबलवरचा भार खरंच वाढू शकतो.

एचडीसीपी म्हणजे एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राला लावलेलं कुलूप. चित्र पाठवणारा प्लेअर समोरच्या उपकरणाकडे आधी ओळख मागतो, ती पटली की चित्र सांकेतिक करून पाठवतो. हा संवाद चित्राच्या तारांवरून होत नाही, शेजारच्या डीडीसी नावाच्या संथ तारांवरून होतो. एचडीसीपीच्या 1.4 पर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांत ओळख एकदा पटून भागत नाही. दर 128 फ्रेमनंतर, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो का हे प्लेअर तपासतो. म्हणून चित्र दोन-चार सेकंद येऊन जातं, पुन्हा येतं, पुन्हा जातं, असं चाललं असेल तर ओळख मधेच तुटते आहे असं समजा. पडद्यावर रंगीत मुंग्या दिसल्या तर चित्र पोचतंय, पण कुलूप उघडत नाहीये.

आता स्प्लिटर. त्याला एचडीसीपीच्या भाषेत रिपीटर म्हणतात. आपल्यापुढे कोणकोण जोडलंय याची यादी करून त्याला ती प्लेअरला कळवावी लागते. समजा प्लेअर 4के, टीव्ही एचडीसीपीच्या नव्या 2.2 आवृत्तीचा आणि प्रोजेक्टर जुना, 1.4 वाला. मेनूला संरक्षण नसतं किंवा साधं असतं, तो दोघांनाही मिळतो. पण 4के सिनेमांवर बहुतेकदा 'टाइप 1' अशी खूण असते. तिचा अर्थ, हा मजकूर जुन्या आवृत्तीच्या उपकरणाकडे जाऊ द्यायचा नाही. काही स्प्लिटर अशा वेळी फक्त प्रोजेक्टर बंद ठेवतात, टीव्ही चालू राहतो. बरेच मात्र सगळ्यांत जुन्या उपकरणाची पातळीच प्लेअरला सांगतात, आणि मग नव्या टीव्हीलाही काही मिळत नाही.

खात्री करायला प्रोजेक्टरची केबल स्प्लिटरमधून काढा. नुसता बंद करून भागत नाही, स्टँडबायमधलं उपकरणही डीडीसीवर उत्तर देऊ शकतं. मग प्लेअर बंद करून चालू करा आणि तोच सिनेमा लावा. टीव्हीवर चित्र आलं तर अडचण प्रोजेक्टरची. नाही आलं तर स्प्लिटरही काढून प्लेअर थेट टीव्हीला जोडा. तरीही काळंच राहिलं तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय पोर्ट वापरून पाहा. सुरुवातीच्या कित्येक 4के टीव्हींमध्ये 2.2 एखाद्याच पोर्टवर असे.

प्रोजेक्टर ठेवायचाच असेल तर प्लेअरचं आउटपुट 1080पी करून पाहा. पुष्कळदा प्लेअर मग कमी रिझोल्यूशनचा प्रवाह निवडतो आणि तो 1.4 वर चालतो. पण रिझोल्यूशन आणि कुलपाची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे हमी नाही. स्प्लिटरच्या खोक्यावरच्या '4के' या अक्षरांवरून एचडीसीपीचं काहीच कळत नाही. आतला स्केलर 4केचं 1080पी करतो म्हणून टाइप 1 मजकूर 1.4 वर नेण्याची परवानगी मिळत नाही, हेही विक्रेते सांगत नाहीत.

कॅप्चर कार्डाचं गणित याहून सोपं आहे. कुलूप लावलेलं चित्र उघडून रेकॉर्डिंगसाठी मोकळं द्यायचं, याला एचडीसीपीच्या परवान्यात जागाच नाही. म्हणून पुष्कळ कार्डांत लूप-आउटवरच्या, म्हणजे चित्र तसंच पुढे देणाऱ्या पोर्टवरच्या, टीव्हीवर चित्र दिसतं आणि यूएसबीकडे काळा चौकोन जातो. ओबीएससारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या सेटिंगने त्यात काही फरक पडत नाही. कार्ड तपासायला कॅमेरा जोडा. साध्या कॅमेऱ्याचं थेट चित्र सहसा असुरक्षित असतं. ते आलं तर कार्ड ठीक आहे.

स्वतःचा गेम रेकॉर्ड करायचा असेल तर सरळ मार्ग आहे. प्लेस्टेशन 5 वर `Settings > System > HDMI` मध्ये जाऊन `Enable HDCP` बंद करा. गेमचं चित्र मोकळं येऊ लागेल. त्या अवस्थेत सिनेमे दाखवणारी अ‍ॅप चालणार नाहीत, म्हणून रेकॉर्डिंग झालं की ते पुन्हा चालू करा.